वर्गात आंब्याचा बाजार: भाव चारशेच्या आसपासच का थांबतो?

«मी सोलापुरात नववीला शिकवते. मागणी-पुरवठा समजावा म्हणून वर्गात खोट्या नोटा वाटल्या आणि एक डझन केशर आंब्यांचा लिलाव केला. बोली हजाराच्या वर गेली, पोरं खूश झाली, पण शेवटी त्यांनी अर्थ काढला तो एवढाच, ‘ज्याच्याकडे पैसे जास्त त्याला आंबा.’ भाव ‘ठरतो’ म्हणजे काय ते दिसलंच नाही. खेळ कसा बदलू? तास ४० मिनिटांचा, पट ४०.»

मॅडम, मुलांनी काढलेला अर्थ त्या खेळापुरता बरोबरच आहे. विकणारा एक, डझन एक आणि घेणारे चाळीस, अशी मांडणी केली की पुरवठा जागच्या जागी गोठतो. भाव कितीही चढला तरी दुसरा डझन कुठून येणार नाही. मग उरते ती फक्त घेणाऱ्यांची चढाओढ. त्यात नोटा खोट्या. घंटा झाली की त्यांची किंमत शून्य, तर त्या राखून ठेवायच्या कशाला? हजाराच्या काय, पाच हजारांच्या वरही बोली गेली असती.

बाजार समितीत अडत्या एकेका ढिगाची बोली पुकारतो तेव्हा तिथलं चित्र तुमच्या वर्गासारखंच दिसतं. फरक असा, की शेजारी दुसरा ढीग असतो आणि त्याच्या पलीकडे तिसरा. इथे बोली फार चढली तर व्यापारी पुढच्या ढिगाकडे सरकतो. ही पुढे सरकायची मोकळीक घेणाऱ्यालाही हवी आणि विकणाऱ्यालाही. तुमच्या खेळात नेमकी तीच नाही.

मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवतो आणि हंगामात आसपासच्या शाळांत हा खेळ घेतो. चाळीसच्या पटाला माझी मांडणी अशी असते. दोघादोघांच्या वीस जोड्या करायच्या, दहा जोड्या घेणाऱ्या आणि दहा विकणाऱ्या. जोडी केली की बुजरं मूलही खेळात येतं, कारण काय बोलायचं ते दोघांनी ठरवायचं असतं. प्रत्येक जोडीला एक चिठ्ठी द्यायची आणि ती दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही. घेणाऱ्याच्या चिठ्ठीवर, उदाहरणार्थ, ‘एक डझन. ५५० च्या वर घ्यायचं नाही.’ विकणाऱ्याच्या चिठ्ठीवर, ‘एक डझन. २७० च्या खाली द्यायचं नाही.’ घेणाऱ्यांच्या दहा चिठ्ठ्या ७०० पासून पन्नास-पन्नासने उतरत २५० पर्यंत, विकणाऱ्यांच्या १२० पासून पन्नास-पन्नासने चढत ५७० पर्यंत. हे आकडे फक्त तुमच्या वहीत.

नोटा अजिबात नकोत, गुण ठेवा. ५५० वाल्यानं ४३० ला घेतलं तर त्याला १२० गुण. २७० वालीनं त्याच ४३० ला दिलं तर तिला १६०. सौदा झाला नाही तर शून्य, दंड नाही. आता वाचवलेला रुपया मोजला जातो, म्हणून कुणी उगाच बोली चढवत नाही. फक्त शेवटी ‘पहिला नंबर’ जाहीर करू नका. ज्याला ७०० ची चिठ्ठी आली त्याचं निम्मं काम नशिबानंच केलेलं असतं, आणि मुलांच्या ते लगेच लक्षात येतं. गुणांची बेरीज प्रत्येकानं आपापल्या वहीत ठेवावी, तेवढं पुरतं.

आता बोली कशी लावायची ते. या खेळाचा जीव इथे आहे. फळ्यावर दोन रकाने आखायचे, डावीकडे ‘घेतो’ आणि उजवीकडे ‘देतो’. ज्याला बोलायचं त्यानं हात वर करायचा, तुम्ही नाव घेतलं की आकडा सांगायचा. ‘३०० ला घेतो’ लिहिलं गेलं की पुढची घेणारी बोली ३०० च्या वरच हवी. ‘५०० ला देते’ लिहिलं गेलं की पुढची देणारी बोली ५०० च्या खाली. ज्याला फळ्यावरचा आकडा मान्य तो ‘दिला’ किंवा ‘घेतला’ म्हणतो, सौदा पक्का. आकडा बाजूला मोठ्या अक्षरात लिहायचा, त्या दोन जोड्या खाली बसतात, दोन्ही रकाने पुसून पुन्हा सुरू. पाच मिनिटांची एक फेरी. फेरी संपली की चिठ्ठ्या त्याच ठेवून दुसरी फेरी, मग तिसरी. दर फेरीला ‘नवा दिवस, नवा डझन’ असं सांगायचं.

मुलांना वर्गभर फिरून आपापसात घासाघीस करू दिली तर खेळ सोपा होईल, असं वाटतं. पण तसं केलं तर भाव नीट बसत नाही, आणि हे फार पूर्वीच दिसून आलं आहे. एडवर्ड चेंबरलिन यांनी हार्वर्ड विद्यापीठात विद्यार्थ्यांना अशाच चिठ्ठ्या देऊन मोकळं सोडलं होतं आणि त्याबद्दल १९४८ मध्ये लिहिलं. त्यांच्या वर्गात भाव विखुरलेले राहिले आणि पुस्तकातल्या हिशेबापेक्षा सौदे जास्त झाले. हार्वर्डला शिकताना त्या खेळात बसलेले व्हर्नन स्मिथ यांनी पुढे पर्ड्यू विद्यापीठात दोन गोष्टी बदलल्या. बोली सगळ्यांसमोर लावायला सांगितली आणि तीच फेरी पुन्हा पुन्हा खेळवली. भाव हिशेबाच्या आकड्याजवळ येऊन बसू लागले. त्यांचा तो लेख १९६२ चा, आणि २००२ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात या प्रकारच्या कामाचा वाटा आहे. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजाराबद्दल ज्यांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलंय, त्या मुलांना हा फरक पटकन समजतो. रुमालाखाली बोटं दाबून सौदा झाला तर शेजारच्याला काय भाव गेला ते कळतच नाही. मग त्याचा सौदा वेगळ्याच भावाला होतो.

आता एक फेरी आकड्यांनिशी पाहू. पहिल्या फेरीत साधारण असं होतं. पहिला सौदा ५२० ला, कारण ७०० वाला घाईत असतो. दुसरा एकदम ३०० ला, कारण १२० वालीला १८० गुण मिळताहेत म्हटल्यावर ती खूश. मग ४५०, ३५०, ४८०, ४००, ४२०. सात सौदे, आणि सगळ्यात कमी व सगळ्यात जास्त भावात २२० चं अंतर. सरासरी काढली तर ४१७ येते, पण पहिल्या फेरीची सरासरी योगायोगानं कुठेही पडू शकते. तिच्याकडे पाहू नका, मुलांना अंतराकडे बघायला सांगा. तिसऱ्या फेरीपर्यंत फळ्यावर ४००, ४२०, ४१०, ४१५, ४१०, ४२० असे आकडे दिसू लागतात. अंतर वीसवर आलं, आणि सात सौद्यांचे सहा झाले.

तो सातवा सौदा कुठे गेला, हे मुलांना शोधायला लावा. माझ्या मते या तासातला हा सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. पहिल्या फेरीत ३०० ला घेणारी जोडी ४०० च्या चिठ्ठीची होती, आणि ४८० ला विकून गेलेली जोडी ४२० च्या चिठ्ठीची. पहिल्या फेरीत १२० वालीनं ३०० ला दिलं, कारण तिला दुसरं काही माहीतच नव्हतं. तिसऱ्या फेरीत तिच्यासमोर फळ्यावर दोन दिवसांचे भाव आहेत, ती आता ३०० ला कशाला देईल? म्हणून ४०० वाला रिकामा राहिला. तसंच ४८० देणारं गिऱ्हाईक आता ४१० ला दुसरीकडे घेतंय, म्हणून ४२० वाली बसून राहिली. या दोघांना कुणी बाजारातून हाकललेलं नाही, तरी ते बाहेर पडले.

यानंतर चिठ्ठ्या उघडायच्या आणि हात वर करून मोजणी घ्यायची. ‘भाव ३५० असता तर कोण घेईल?’ आठ हात. ‘कोण देईल?’ पाच हात. तीन जण रिकामे, आणि त्यांतला एक जण तरी ‘३६० देतो’ म्हणणारच. ‘भाव ५०० असता तर?’ घेणारे पाच, देणारे आठ. आता तीन विकणारे माल घेऊन बसलेत, त्यांतला एक उतरेल. ‘४१०?’ घेणारे सहा, देणारेही सहा. इथे कुणालाच आकडा हलवायचं कारण उरत नाही. समतोल किंमत ती हीच, आणि नेमका एक आकडा नसून ४०० ते ४२० असा पट्टा आहे, हेही मुलांनी पाहू द्यावं. हेच हात आलेखाच्या कागदावर मांडले की उतरती आणि चढती रेषा त्यांच्या स्वतःच्या हातांची बनते. त्या रेषा आधी काढून मग खेळ घेण्याच्या मी विरुद्ध आहे. उत्तर माहीत असलं की मुलं त्या आकड्याकडे मुद्दाम जातात.

एवढ्यात पहिला तास संपतो. दुसऱ्या तासाला बाजार हलवायचा.

एप्रिलात वादळी पाऊस झाला, गारा पडल्या, असं जाहीर करा आणि १२०, २२० व ३२० या तीन विकणाऱ्या जोड्यांच्या चिठ्ठ्या काढून घ्या. आधी अंदाज लिहून घ्या, किती सौदे होतील? पूर्वी सहा होत होते, तीन विकणारे गेले, म्हणजे तीन, असं बहुतेक पोरं लिहितात. प्रत्यक्षात पाच होतात आणि भाव ४७० ते ५०० च्या पट्ट्यात जाऊन बसतो. भाव चढल्यावर काल रिकाम्या बसलेल्या ४२० आणि ४७० च्या जोड्या उठून उभ्या राहतात, त्यांचा माल आज परवडतो. दुसरीकडे ४५० वाला काल घेत होता, आज मागे सरतो. तीन डझन गेले तरी बाजारात फक्त एकाची कमतरता उरली. उरलेल्या दोन डझनांची भरपाई भावानं केली.

मग त्या तीन जोड्या परत आणा आणि अक्षय तृतीया लावा. त्या दिवशी घरोघरी आमरस हवा, म्हणून घेणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीवर १०० वाढवा. पुन्हा अंदाज घ्या. प्रत्येकजण शंभर जास्त द्यायला तयार आहे, तर भाव शंभरनं वाढेल, असं मुलं ठामपणे सांगतात, कधी शिक्षकही. भाव बसतो ४५० ते ४७० वर, म्हणजे पन्नासच वाढतो, आणि सौदे सहाचे सात होतात. भाव चढायला लागला की ४२० ची विकणारी बाजारात येते आणि तिचा डझन ती चढण अडवतो. ही अडवणूक किती होईल हे विकणाऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर अवलंबून आहे. या खेळात दोन्हीकडे पन्नासच्याच पायऱ्या आहेत म्हणून वाढ निम्मी आली. विकणाऱ्यांच्या पायऱ्या शंभरच्या केल्या तर भाव आणखी चढेल. तुमच्या आधीच्या लिलावात तर विकणारा एकच आणि डझनही एकच होता, म्हणून सगळी वाढ भावातच गेली.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. सगळ्यात नेहमीचा घोळ म्हणजे चिठ्ठीवरचा आकडा हाच भाव समजून मुलं ‘६५० ला घेतो!’ म्हणून मोकळी होतात. खूण सोपी आहे, फेरी संपल्यावर त्या जोडीच्या वहीत शून्य गुण असतात. सुरुवातीला फळ्यापाशी दोन जोड्या बोलावून एक सौदा करून दाखवला आणि दोघांचे गुण सगळ्यांसमोर मोजले की हे थांबतं. दुसरं, दोस्तीखात्यात दिलेला सौदा. विकणाऱ्याचे गुण उणे आले की समजा, चिठ्ठीच्या खाली माल गेलाय. असा सौदा तिथेच रद्द करा, नाहीतर पुढच्या फेरीत फळ्यावरचा तो चुकीचा आकडा सगळ्यांना फसवतो. तिसरं, घंटेआधीच्या मिनिटात उडणारी झुंबड. ‘शेवटचा मिनिट’ असं ओरडू नका, हात थांबले की फेरी आपोआप संपली.

काही गोष्टी मात्र तुमच्या वर्गावर अवलंबून आहेत. पट वीसच असेल तर पाच-पाच जोड्यांतही खेळ जमतो, पण एखाद्याच्या हट्टानं भाव बराच हलतो आणि तीनऐवजी चार फेऱ्या लागतात. पाचवी-सहावीला मी चिठ्ठ्यांचे आकडे दहाच्या आत ठेवतो आणि पावसाची फेरी तेवढी घेतो. सकाळची शाळा असेल तर पहिला तास घ्या. सोलापुरातल्या एप्रिलमध्ये अकरानंतर चाळीस पोरांची बोली लावणं तुम्हालाच झेपणार नाही.

कधी घेणारी पोरं कोपऱ्यात जमतात आणि ‘साडेतीनशेच्या वर कुणी जायचं नाही’ असं ठरवतात. अडवू नका. त्या भावाला घेणारे आठ आणि देणारे पाच, त्यामुळे रिकामा राहिलेला कुणीतरी बहुधा दोन मिनिटांत गट फोडतो. रोज भेटणारे चार-पाचच व्यापारी असले तर असा गट इतक्या सहज फुटत नाही, हेही त्याच वेळी बोलून घ्या. वर्गात दहा जोड्या आहेत म्हणून फुटला.

शेवटचा मुद्दा शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांसाठी. आपल्या जिल्ह्यात तशी मुलं प्रत्येक वर्गात असतात. मोहोळकडच्या एका शाळेत मागच्या बाकावरून प्रश्न आला होता, ‘सर, आमच्या वडलांनी कांदा खर्चाच्या खाली दिला. तुमच्या चिठ्ठीत तर तसं चालतच नाही.’ प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच मी चिठ्ठीवर ‘खर्च’ हा शब्द लिहीत नाही. माल शेतात असेपर्यंत तोडणी, भाडं, हमाली यांचा विचार करून ‘एवढ्याखाली परवडत नाही’ म्हणता येतं. एकदा तो यार्डात उतरला की तो खर्च झालेला असतो, विकलं तरी आणि नाही विकलं तरी. तेव्हा शेतकऱ्याची खालची मर्यादा एवढीच उरते, की परत नेलं तर हातात काय पडेल. पिकायला लागलेल्या आंब्याचं तर दुसऱ्या दिवशी जवळजवळ काहीच पडत नाही.

यासाठी वेगळी फेरी घ्या. मी तिला ‘संध्याकाळ’ म्हणतो. घेणाऱ्यांच्या मूळच्याच चिठ्ठ्या, ७०० ते २५०. दहाही विकणाऱ्यांना मात्र जुन्या चिठ्ठ्या जवळ ठेवून ५० ची नवी चिठ्ठी द्या. पहिले एक-दोन सौदे ४०० च्या आसपास होतात, कारण मुलांच्या डोक्यात जुना भाव असतो. मग घसरण सुरू होते. ३०० ला घेणारे नऊ आणि देणारे दहा, म्हणजे एक डझन कायम उरतोच आणि त्याचा धनी खाली उतरतो. भाव २५० किंवा त्याच्याही खाली येतो तेव्हा कुठे दहाचे दहा डझन खपतात. किती खाली जाईल ते सांगता येत नाही, ५० पर्यंत कुठेही, ते दोन्हीकडच्या चिकाटीवर आहे.

फेरी संपली की विकणाऱ्यांना जुन्या चिठ्ठ्या पुन्हा काढायला सांगा आणि २५० शी ताडून बघायला लावा. दहांपैकी सात जोड्यांच्या जुन्या चिठ्ठ्यांवरचा आकडा २५० च्या वर निघतो. त्यानंतर विचारायचं ते असं: यातल्या किती जणांनी पुढच्या वर्षी आंबा लावावा, किंवा लावलेला ठेवावा? उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ती जुळवून घेण्याची घाई करू नका. पुढच्या वर्षी चार जोड्या कमी झाल्या तर सकाळचा भाव कुठे बसेल, हे मुलांना त्याच चिठ्ठ्या घेऊन घरी काढून आणायला सांगा. कोणत्या चार जाणार, ते मात्र त्यांनीच ठरवायचं.